शाळेतील वीजबचतीचे अंदाजपत्रक
खर्च, वार्षिक बचत आणि वसुली-काल यांचा हिशेब कसा मांडावा?

वीजबचतीचा प्रस्ताव शाळा समितीपुढे किंवा ग्रामपंचायतीपुढे येतो, तेव्हा त्यात बहुधा तीन आकडे असतात. सुरुवातीला किती खर्च करावा लागेल, त्यामुळे दरवर्षी किती रुपये वाचतील आणि वाचलेल्या रकमेतून मूळ खर्च किती काळात वसूल होईल, हे ते तीन आकडे होत. तिसरा आकडा पहिल्या दोघांचा भागाकार असतो. खर्चाला वार्षिक बचतीने भागले की वसुली-काल मिळतो. गणित इतके सोपे असूनही असे पुष्कळ प्रस्ताव प्रत्यक्षात फसतात. भागाकार चुकत नाही. ज्या बचतीने भागावयाचे ती कागदावर फुगलेली असते. ती फुगते कोठे आणि ताळ्यावर कशी आणता येते, हे एका नमुना शाळेच्या हिशेबावरून येथे पाहावयाचे आहे.

तालुक्याच्या ठिकाणची, अठरा वर्गखोल्यांची एक माध्यमिक शाळा कल्पनेने समोर ठेवू. कार्यालय, शिक्षक-कक्ष, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वीस संगणकांची एक खोली, पाण्याच्या टाकीसाठी २ अश्वशक्तीचा पंप आणि आवारात चार मोठे दिवे असा तिचा पसारा आहे. दर आणि किमती उदाहरणापुरत्या धरल्या आहेत. प्रत्येक संस्थेने तेथे आपल्या बिलातील दर व आपल्या बाजारातील दरपत्रके घालावयाची आहेत.

आधी बिल वाचावे

अंदाजपत्रकाची सुरुवात बाजारातील वस्तूंच्या किमतींपासून न करता मागील बारा महिन्यांच्या वीजबिलांपासून करावयास हवी. एका महिन्याचे बिल पुरेसे होत नाही. कारण शाळेचा वीजवापर ऋतूप्रमाणे आणि सुट्यांप्रमाणे बदलतो. नमुना शाळेचा बारा महिन्यांचा वापर १५,८४० युनिटांचा असून वर्षाचे एकूण बिल १,५०,४८० रुपये आहे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

एकूण रकमेला युनिटांनी भागले तर दर युनिटला साडेनऊ रुपये पडतात. बचतीचा हिशेब करताना हाच दर घेण्याचा मोह होतो. तथापि तो बरोबर नाही. बिलात स्थिर आकार नावाची एक रक्कम असते. एक युनिट वापरले काय किंवा हजार वापरले काय, ती भरावीच लागते. ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि लागू असल्यास त्यांवरील वीजशुल्क एवढाच भाग युनिटांबरोबर कमीजास्त होतो. नमुना शाळेच्या बिलात न बदलणारा भाग वर्षाला ७,९२० रुपयांचा आहे. तो वगळला म्हणजे खरा दर युनिटला ९ रुपये निघतो. वाचलेल्या प्रत्येक युनिटामागे शाळेच्या हाती नऊ रुपयेच पडतील, साडेनऊ नव्हेत. येथील फरक लहान आहे. परंतु ज्या संस्थेचा वापर कमी व मंजूर भार मोठा असतो, तेथे तो बराच मोठा होतो.

बारा बिलांपैकी मे महिन्याच्या बिलाकडे विशेष लक्ष द्यावे. वर्ग बंद, पंखे बंद, विद्यार्थी घरी, अशा महिन्यातही नमुना शाळेत ४१० युनिटे खर्च झाली. बंद शाळा वीज कोठे वापरते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. संध्याकाळी सहाला आणि सकाळी सातला मीटरवरील आकडा लिहून ठेवला म्हणजे झाले. नमुना शाळेत या तेरा तासांत रोज सुमारे ८.८ युनिटे जातात. त्यांपैकी साडेसात युनिटे आवारातील चार दिव्यांची आहेत. उरलेली सव्वा युनिट संगणक-खोलीत जाते. तेथील संगणक बंद केलेले असतात, पण खटके चालूच राहतात आणि बॅटरीवर चालणारे यूपीएस रात्रंदिवस थोडीथोडी वीज घेत राहते. तो एकत्रित भार अवघा शंभर वॅटचा. परंतु संगणक-खोली वर्षातील सुमारे ७,९०० तास बंद असते. त्यामुळे वर्षाअखेर तो ७९० युनिटांवर जातो.

कागदावरची वीज आणि बिलातली वीज

यानंतर उपकरणांची मोजदाद येते. नमुना शाळेत जुन्या पद्धतीच्या ७२ ट्यूब आहेत. ट्यूब ४० वॅटची म्हणून ओळखली जाते. परंतु तिचा तांब्याच्या तारेचा चोक स्वतः सुमारे १२ वॅट घेतो, म्हणून प्रत्येकी ५२ वॅट धरावे लागतात. छताचे पंखे ६८ असून प्रत्येक पंखा ७५ वॅटचा आहे.

आता शाळा रोज सहा तास आणि वर्षाला २२० दिवस भरते, म्हणून प्रत्येक ट्यूब व प्रत्येक पंखा १,३२० तास चालतो, असे गृहीत धरून हिशेब केला तर काय होते ते पाहावे. ट्यूबची ४,९४२ युनिटे व पंख्यांची ६,७३२ युनिटे होतात. आवारातील दिवे, पंप, संगणकांचा चालू वापर व किरकोळ उपकरणे मिळवली की बेरीज १८,०२९ युनिटांवर जाते. प्रत्यक्ष बिल मात्र १५,८४० युनिटांचे आहे. म्हणजे कागदावरच्या शाळेने खऱ्या शाळेपेक्षा २,१८९ युनिटे अधिक वापरली. आणि संगणक-खोलीतील बंद अवस्थेतला वापर तर या बेरजेत आलेलाही नाही.

अंदाजपत्रक फुगते ते येथेच. वापर जितका जास्त दाखवावा तितकी बचत जास्त दिसते आणि वसुली-काल तितका आखूड होतो. म्हणून पहिला नियम असा की, उपकरणवार बेरीज बिलाशी जुळल्याखेरीज बचतीचा आकडा लिहू नये. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालू शकेल. त्याहून अधिक फरक राहिल्यास तासांचा अंदाज पुन्हा तपासावा.

तास तपासण्याचा मार्गही साधा आहे. पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात प्रत्येकी एक आठवडा, दर तासिकेला त्या खोलीतील दिवे व पंखे चालू होते की नाही याची नोंद वर्गप्रतिनिधीकडून वहीत घ्यावी. नमुना शाळेत अशा नोंदीतून पुढील चित्र दिसले. बारा वर्गखोल्यांना मोठ्या खिडक्या असून तेथे ट्यूब दिवसाला सरासरी दोनच तास लागतात. सहा खोल्या शेजारच्या भिंतीमुळे अंधाऱ्या आहेत. तेथे त्या पाच तास जळतात. कार्यालय, शिक्षक-कक्ष, प्रयोगशाळा व ग्रंथालय येथील अठरा ट्यूब रोज सात तास आणि वर्षाला २६० दिवस चालू असतात. वर्गातील पंखे थंडीत व पावसाळ्याच्या गार दिवसांत बंद असल्याने वर्षातून सुमारे १५० दिवस, रोज पाच तास फिरतात. त्यांचे वर्षाचे तास अवघे ७५० भरतात. कार्यालयीन भागातील चौदा पंखे मात्र १,७६० तास चालतात. या तासांनी पुन्हा मांडलेली बेरीज १५,५८९ युनिटे आली. बिलाशी फरक दोन टक्क्यांहून कमी राहिला. आता या पायावर अंदाजपत्रक उभारता येते.

अंदाजपत्रक

सुधारणांची यादी अशी आहे. ५२ वॅटच्या ट्यूबऐवजी २० वॅटची एलईडी पट्टी बसविल्यास ३२ वॅट वाचतात. बसविण्याच्या मजुरीसह तिचा खर्च ३५० रुपये धरला आहे. आवारातील प्रत्येक जुना दिवा चोकसह १७० वॅट घेतो. त्याजागी ५० वॅटचा एलईडी दिवा २,२०० रुपयांत बसतो. ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा, ब्रशविरहित डीसी मोटरचा म्हणजे बीएलडीसी पंखा ३,००० रुपयांस पडतो. पंपाचा पायझडप, म्हणजे फूट-व्हॉल्व्ह, गळत असल्याने दर वेळी पाणी खाली उतरते आणि टाकी भरून वाहिली तरी पंप चालूच राहतो. झडप बदलून टाकीत तरंगता खटका बसविला तर रोजचे तीन तास दोनांवर येतात. शेवटी, संगणक-खोलीला दाराजवळ एकच ठळक मुख्य खटका दिला तर बंद अवस्थेतील ७९० पैकी सुमारे ७०० युनिटे वाचतात. उरलेली युनिटे सुटीतही यूपीएसच्या बॅटऱ्या आठवड्यातून एकदा भारित करण्यासाठी राखून ठेवली आहेत; कारण महिनोन्महिने बंद राहिलेली बॅटरी खराब होते.

| अ.क्र. | सुधारणा | खर्च (रु.) | वार्षिक बचत (युनिटे) | वार्षिक बचत (रु.) | वसुली-काल |
|---|---|---|---|---|---|
| १ | संगणक-खोलीचा मुख्य खटका | ६०० | ७०० | ६,३०० | १ महिना |
| २ | पंपाची झडप व तरंगता खटका | ३,६०० | ४७५ | ४,२७५ | १० महिने |
| ३ | आवारातील ४ दिवे | ८,८०० | १,९२७ | १७,३४३ | ६ महिने |
| ४ | कार्यालयीन भागातील १८ ट्यूब | ६,३०० | १,०४८ | ९,४३२ | ८ महिने |
| ५ | अंधाऱ्या खोल्यांतील १८ ट्यूब | ६,३०० | ६३४ | ५,७०६ | १३ महिने |
| ६ | उजेडाच्या खोल्यांतील ३६ ट्यूब | १२,६०० | ५०७ | ४,५६३ | २ वर्षे ९ महिने |
| ७ | कार्यालयीन भागातील १४ पंखे | ४२,००० | १,१०९ | ९,९८१ | ४ वर्षे २ महिने |
| ८ | वर्गांतील ५४ पंखे | १,६२,००० | १,८२३ | १६,४०७ | ९ वर्षे १० महिने |
| | एकूण | २,४२,२०० | ८,२२३ | ७४,००७ | ३ वर्षे ३ महिने |

या तक्त्याची शेवटची ओळ सर्वांत फसवी आहे. शाळेचा वीजवापर निम्म्याहून अधिक कमी होतो आणि सारा खर्च सव्वातीन वर्षांत निघतो, असे ती सांगते. समितीपुढे केवळ ही ओळ ठेवली तर प्रस्ताव एकमताने मंजूर होईल. परंतु ओळी सुट्या पाहिल्या म्हणजे निराळेच चित्र दिसते. पहिल्या पाच कामांचा खर्च मिळून २५,६०० रुपये आहे. एकूण खर्चाच्या तो दहाव्या हिश्शाहून थोडासाच अधिक भरतो. त्यांतून दरवर्षी ४३,०५६ रुपये वाचतात. एकूण बचतीचा हा ५८ टक्के भाग होय. ही रक्कम सात महिन्यांत वसूल होते. उलट आठव्या ओळीवर एकूण खर्चाचे दोन तृतीयांश पैसे खर्ची पडतात आणि ते परत येण्यास जवळजवळ दहा वर्षे लागतात. चांगल्या कामांची सरासरी उभी राहते आणि तिच्या आड महाग काम मंजूर होऊन जाते. म्हणून दुसरा नियम असा की, वसुली-काल प्रत्येक कामाचा स्वतंत्र दाखवावा. एकत्रित वसुली-कालावर निर्णय घेऊ नये.

वॅट नव्हे, तास

चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या ओळीत ट्यूब तीच, एलईडी पट्टी तीच, खर्चही तोच आहे. तरीही वसुली-काल एके ठिकाणी आठ महिने, दुसऱ्या ठिकाणी तेरा महिने आणि तिसऱ्या ठिकाणी पावणेतीन वर्षे निघतो. फरक केवळ तासांचा आहे. किती वॅट वाचतात हे वस्तूच्या वेष्टनावरून कळते. किती तास वाचतात हे त्या खोलीवर अवलंबून असते, आणि वसुली-काल मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीवर ठरतो.

पंख्याच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. बीएलडीसी पंख्यामुळे ४५ वॅट वाचतात, हे खरेच आहे. तो रोज बारा तास, वर्षाचे ३६५ दिवस चालेल असे गृहीत धरून विक्रेत्याने आपल्या पत्रकात हिशेब मांडला तर दर पंख्यामागे १९७ युनिटे वाचतात आणि खर्च वीस महिन्यांत निघतो. हा हिशेब घरापुरता अथवा दुकानापुरता कदाचित बरोबर असेल. शाळेच्या वर्गात तो पंखा ७५० तासच फिरतो. बचत ३४ युनिटांवर येते आणि वीस महिन्यांची दहा वर्षे होतात.

हाच पंखा दोन पाळ्यांत चालणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्यात नेला तर निकाल पुन्हा बदलतो. रोज सोळा तास आणि वर्षाला ३०० दिवस म्हणजे ४,८०० तास होतात. नऊ रुपयांचाच दर धरला तर दर पंख्यामागे वर्षाला १,९४४ रुपये वाचतात व खर्च सुमारे दीड वर्षात निघतो. म्हणून कारखान्यासाठी तयार केलेला प्रस्ताव शाळेला, किंवा एका शाळेचा दुसरीला, आकडे न बदलता लावू नये. जेथे यंत्रमागासारख्या उद्योगाला सवलतीचा वीजदर मिळतो, तेथे तास पुष्कळ असले तरी वाचलेल्या युनिटाचे मोल कमी असते. हेही विसरता कामा नये.

मग वर्गातील पंखे कधीच बदलू नयेत काय? तसे नव्हे. चालता पंखा उतरवून नवा बसविणे आणि जळालेल्या पंख्याजागी नवा घेणे, हे दोन वेगळे निर्णय आहेत. पंखा जळाल्यावर शाळेला काहीतरी विकत घ्यावेच लागते. साधा पंखा बसविण्यासह १,७०० रुपयांस मिळत असेल, तर बीएलडीसी पंख्याचा जादा खर्च १,३०० रुपयांचाच होतो. वार्षिक बचत ३०४ रुपयांची धरली तर हा जादा खर्च सव्वाचार वर्षांत निघतो. यास्तव आठवे काम अंदाजपत्रकातून काढावे आणि त्याऐवजी, ‘यापुढे जो पंखा निकामी होईल त्याजागी बीएलडीसी पंखाच घ्यावा’ असा ठराव समितीने करावा. बसविताना भिंतीवरील जुना रेग्युलेटर मंडलातून काढून टाकावा लागतो. बीएलडीसी पंख्याचा वेग रिमोटने किंवा त्याच्या स्वतःच्या नियंत्रकाने बदलतो, आणि जुना रेग्युलेटर मध्ये राहिला तर पंख्यातील इलेक्ट्रॉनिक भाग बिघडू शकतो.

एकच युनिट दोनदा वाचत नाही

फुगवट्याची आणखी एक जागा आहे. समजा, उजेडाच्या बारा खोल्यांत खिडकीकडील ट्यूबना वेगळा खटका दिला आणि शिस्त लावून सर्व ट्यूबचा वापर सरासरी दोन तासांवरून एका तासावर आणला. हे काम चांगलेच आहे. परंतु त्यानंतर त्याच ट्यूब बदलून एलईडी बसविल्या, तर आता रोज एकाच तासाची वीज वाचावयाची आहे. एका पट्टीमागची बचत १४ युनिटांवरून ७ वर उतरते आणि पावणेतीन वर्षांचा वसुली-काल साडेपाच वर्षांवर जातो. प्रस्तावात मात्र ही दोन कामे बहुधा दोन स्वतंत्र ओळींत, आपापल्या पूर्ण बचतीसह लिहिली जातात आणि त्यांची बेरीज केली जाते. एकाच उपकरणावर दोन उपाय योजावयाचे असतील तर स्वस्त उपाय आधी धरावा आणि दुसऱ्याची बचत उरलेल्या वापरावर मोजावी.

छतावर सौर संच बसविण्याचा विचार असेल तर हाच क्रम लागू पडतो. महाराष्ट्रात एक किलोवॅटचा संच वर्षाला साधारणतः १,४०० युनिटे देतो. नमुना शाळेच्या आजच्या वापरासाठी ११ किलोवॅटहून मोठा संच लागेल. पहिली पाच कामे आधी केली तर वापर ११,०५६ युनिटांवर येतो आणि ८ किलोवॅट पुरतात. पंचवीस-सव्वीस हजारांच्या कामांमुळे तीन किलोवॅटहून अधिक क्षमतेचा खर्च टळतो.

बचतीसाठी उजेडाचा बळी जाता कामा नये, हेही प्रस्तावात नमूद असावे. २० वॅटची चांगली एलईडी पट्टी सुमारे २,००० ल्यूमेन प्रकाश देते. तो एका बाजूलाच पडत असल्याने जुन्या ट्यूबच्या जागी पुरतो. स्वस्तात मिळते म्हणून १० वॅटची पट्टी बसविली तर बिल कमी होईल. पण शेवटच्या बाकावरील मुलाला फळा दिसणार नाही. दरपत्रक मागविताना केवळ वॅट न लिहिता ल्यूमेन, हमीचा काळ आणि भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी-चिन्ह या तीन गोष्टी लिहाव्यात. तक्त्यातील पहिल्या पाच कामांचा वसुली-काल सव्वा वर्षाच्या आत आहे. दोन वर्षांची हमी मिळाली तर वस्तू हमीच्या काळातच आपला खर्च भरून काढते. दहा वर्षांच्या वसुली-कालाला असा कोणताही आधार नसतो. त्या काळात पंख्याची मोटर टिकली तरी तिचे इलेक्ट्रॉनिक मंडल टिकेलच असे नाही. काढलेल्या जुन्या ट्यूबमध्ये पाऱ्याचा अंश असतो. त्या न फोडता खोक्यात ठेवून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्याव्यात.

खर्च कोणाचा, बचत कोणाची?

आकडे बरोबर असूनही प्रस्ताव अडतो, त्याचे कारण पुष्कळदा हिशेबाच्या बाहेर असते. वीजबिल ज्या शीर्षाखाली भरले जाते, त्याच शीर्षातून दिव्यांचा खर्च होतोच असे नाही. एखाद्या जिल्हा परिषद शाळेचे बिल सादिल अनुदानातून जात असेल आणि दिवे ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून बसविले असतील, तर खर्च एकाचा व बचत दुसऱ्याची होते. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या दृष्टीने वसुली-काल हा शब्दच निरर्थक ठरतो, कारण तिच्याकडे काहीही परत येत नाही. तिने हा खर्च शाळेला दिलेली मदत म्हणून मंजूर करावा हेच प्रांजळ होय. अनुदानित शाळेत संस्थेचा पैसा व वेतनेतर अनुदान यांच्या बाबतीतही हीच अडचण येऊ शकते. म्हणून अंदाजपत्रकाच्या तळाशी दोन वाक्ये आवश्यक आहेत : खर्च कोणत्या शीर्षातून होईल आणि बचत कोणत्या शीर्षात दिसेल.

बचत वेगळी मोजून राखून ठेवणे नियमांत बसत असेल, तर तिच्यातूनच पुढची कामे होऊ शकतात. नमुना शाळेत २५,६०० रुपये एकदा घातले की पहिल्या वर्षात ते वसूल होऊन १७,४५६ रुपये उरतात. त्यांतून सहावे काम, म्हणजे उजेडाच्या खोल्यांतील ट्यूब, १२,६०० रुपयांत होते. दुसऱ्या वर्षी बचत ४७,६१९ रुपयांवर जाते आणि तिच्यातून कार्यालयीन भागातील चौदा पंखे बदलता येतात. अशा रीतीने शाळेला प्रत्यक्षात २५,६०० रुपयेच बाहेरून आणावे लागतात. २,४२,२०० रुपयांचा प्रस्ताव निधीअभावी वर्षानुवर्षे पडून राहील. २५,६०० रुपयांचा त्याच महिन्यात मंजूर होऊ शकेल. मात्र वाचलेली रक्कम इतर खर्चात मिसळून गेली तर ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटते.

पडताळा

कामे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून पूर्ण झाल्यावर बचत खरोखर झाली की नाही, हे पाहण्यासाठी वर्षभर थांबण्याचे कारण नाही. संध्याकाळी सहा आणि सकाळी सात या दोन नोंदी पुन्हा घ्याव्यात. नमुना शाळेत रात्रीचा वापर ८.८ युनिटांवरून सुमारे २.२ युनिटांवर यावयास हवा. तो सव्वातीन-साडेतीनावर अडकला असेल तर संगणक-खोलीचा खटका कोणी बंद करीत नाही असे समजावे. तो त्याहून वर राहिला तर आवारातील एखादा जुना दिवा बदलावयाचा राहून गेला आहे, किंवा दिवे दिवसाउजेडीही जळत आहेत, अशी शंका घ्यावी. आठवड्याभरात एवढे निदान होते.

वर्षाअखेरचा पडताळा बिलांवरून करावा. पण या वर्षीचा जून मागील वर्षीच्या जूनशी ताडून पाहावा, मेशी नव्हे. त्यातही रुपयांची तुलना न करता युनिटांची करावी. कारण महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मध्यंतरी दर बदलले तर युनिटे घटूनही बिल वाढलेले दिसू शकते, आणि मग केलेले काम व्यर्थ गेले असा समज पसरतो. वर्षात नव्या तुकड्या उघडल्या, जलशीतक आला किंवा संगणक वाढले, तर त्यांची युनिटे वेगळी दाखवावीत. नमुना शाळेने पहिल्या पाच कामांनंतर वर्षाला ४,७८४ युनिटांची घट अपेक्षिलेली आहे. प्रत्यक्षात ती चार हजारांच्या आसपास आली तरी २५,६०० रुपये साडेआठ महिन्यांत निघतात, आणि प्रस्ताव टिकतो. अंदाज सहाव्या हिश्शाने चुकूनही जो निर्णय बदलत नाही, तो समितीने निःशंकपणे घ्यावा. जेथे एवढ्या चुकीने निर्णय उलटा होतो, तेथे वहीतील तासांची नोंद आणखी एक ऋतू चालू ठेवून मगच अंदाजपत्रकावर सही करावी.